उलट भाषांतरात न दिसणारे दोष

‘पीएचक्यू-९’ या नैराश्याच्या प्राथमिक तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीतला सहावा प्रश्न इंग्रजीत ‘फीलिंग बॅड अबाउट युवरसेल्फ’ या शब्दांनी सुरू होतो. आमच्या गटातल्या दोन भाषांतरकारांनी, एकमेकांचे काम न पाहता, त्याचे मराठी एकच केले: ‘स्वतःबद्दल वाईट वाटणे’. मूळ इंग्रजी न दाखवता आणखी दोघांकडून त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करून घेतले, तेव्हा दोघांच्याही कागदावर नेमके मूळचेच शब्द उमटले. पद्धतीच्या हिशेबाने याहून चांगला निकाल असू शकत नाही. तुलनेच्या तक्त्यात त्या ओळीसमोर ‘समान’ असा शेरा पडला आणि समितीच्या बैठकीत या प्रश्नावर चर्चा अशी झालीच नाही. पुढे गावात चाचणी मुलाखती सुरू झाल्या तेव्हा या प्रश्नाला होकारामागून होकार येऊ लागले, आणि खोदून विचारल्यावर कळले की ते होकार मूळ प्रश्नाला नव्हतेच.

मराठीत ‘वाईट वाटणे’ म्हणजे दुःख होणे, मन दुखावणे. कोणाचा मुलगा गेला तर आपल्याला वाईट वाटते, कोणी टाकून बोलले तरी वाईट वाटते. स्वतःबद्दल वाईट वाटते का, असे विचारल्यावर एका बाईंनी दिलेले उत्तर मी तसेच टिपून ठेवले आहे: “वाटतं की. माझ्याच वाट्याला हे सगळं का आलं, असं वाटतं.” हे दुःख खरे आहे, पण ते नशिबाबद्दलचे आहे. मूळ प्रश्न नशिबाबद्दल नाही. आपण माणूस म्हणूनच निकामी आहोत, आपण हरलो, आपल्यामुळे घरच्यांची मान खाली गेली, अशी स्वतःला दोष देणारी भावना तो शोधतो. वैद्यकशास्त्र ज्याला अपराधीपणा आणि निरुपयोगीपणाची भावना म्हणते, ते लक्षण टिपण्यासाठी तो प्रश्न तिथे ठेवलेला आहे. आमचे मराठी वाक्य ते लक्षण टिपत नव्हते, त्याऐवजी दुसऱ्या प्रश्नातली उदासीच पुन्हा एकदा मोजत होते.

या प्रश्नावलीची थोडी ओळख आवश्यक आहे. कुर्त क्रोएन्के, रॉबर्ट स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स या अमेरिकी संशोधकांनी २००१ साली तिच्या वैधतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात तीव्र नैराश्याची जी नऊ लक्षणे दिलेली आहेत, त्यांतल्या प्रत्येकासाठी इथे एक प्रश्न आहे. गेल्या दोन आठवड्यांत तो त्रास किती दिवस झाला याला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण ० ते २७. साधारणपणे १० किंवा त्याहून अधिक गुण मिळाले तर पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. प्रश्नावली कोणालाही परवानगी न घेता वापरता येते, तिची मराठी आवृत्तीही उपलब्ध आहे, आणि आशा ताई घरोघरी जाऊन ‘सीबॅक’ नावाचा जो तपासणी अर्ज भरतात त्यात हिचेच पहिले दोन प्रश्न घेतलेले आहेत. मग पुन्हा भाषांतर कशासाठी, असे आम्हाला अनेकांनी विचारले. कारण एवढेच होते की ही प्रश्नावली मुळात रुग्णाने प्रतीक्षाकक्षात बसून स्वतः वाचावी आणि खुणा कराव्यात अशा बेताने लिहिलेली आहे, आणि आम्हाला ती उपकेंद्राच्या ओसरीवर, वाचता न येणाऱ्या किंवा वाचण्याची सवय सुटलेल्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवायची होती. डोळ्यांनी वाचायचे मराठी आणि कानांनी ऐकायचे मराठी यांच्यात जे अंतर आहे, ते भाषांतराच्या कोणत्याही नियमावलीत पुरेसे धरलेले नाही, असे माझे मत आहे.

उलट भाषांतराला आम्ही आपापसांत सरळ बॅक ट्रान्सलेशनच म्हणतो. या पद्धतीला शास्त्रीय बैठक मिळाली ती रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० सालच्या लेखामुळे. त्यांनी ग्वाम बेटावरच्या विद्यापीठातील दुभाषक विद्यार्थ्यांकडून अनेक भाषांत मजकूर करवून घेतले, ते पुन्हा इंग्रजीत आणवले आणि दोन इंग्रजी मजकुरांच्या तुलनेतून मधल्या भाषांतराचा दर्जा कितपत कळतो हे पाहिले. ज्याला मधली भाषा येत नाही अशा संशोधकालाही तिच्यातल्या भाषांतरावर काही नजर ठेवता यावी, ही त्यातली सोय. पुढे २००० साली बीटन आणि सहकाऱ्यांनी जी कार्यपद्धती मांडली तीच आज बहुतेक जण पाळतात, आणि आम्हीही पाळली. दोन स्वतंत्र सरळ भाषांतरे करायची, त्यांतला एक भाषांतरकार विषयाचा जाणकार आणि दुसरा विषयाशी संबंध नसलेला असावा. दोन्हींची जुळणी करून एक मसुदा ठरवायचा. मूळ न पाहिलेल्या दोघांनी त्याची उलट भाषांतरे करायची. मग सगळे कागद समोर ठेवून समितीने मसुदा पक्का करायचा आणि शेवटी तीस ते चाळीस माणसांवर तो तपासायचा.

कागदावर ही रचना निर्दोष दिसते. मात्र तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे: भाषांतर बिघडले असेल तर उलट भाषांतरही बिघडेल. प्रत्यक्षात याच्या अगदी उलट घडू शकते. भाषांतर जितके शब्दाला शब्द ठेवून केलेले असेल, तितके ते परत इंग्रजीत सुबकपणे जाते. ‘स्वतःबद्दल वाईट वाटणे’ हे वाक्य मराठी कपडे घातलेले इंग्रजीच होते, त्यामुळे ते आपल्या घरी बिनचूक परतले. दुसरीकडे, जे वाक्य खरोखर मराठीत मुरलेले असते ते परत जाताना अडखळते, आणि तक्त्यात त्याच्यासमोर ‘फरक’ असा शेरा पडतो. म्हणजे तक्त्यावर आंधळा विश्वास ठेवला तर समिती चांगली वाक्ये बदलायला लावते आणि वाईट वाक्ये राखते.

दुसरा अडथळा उलट भाषांतरकारांचा. नियमाप्रमाणे त्यांची मातृभाषा मूळ मजकुराची, म्हणजे इंग्रजी, असायला हवी. उत्तम मराठी जाणणारा इंग्रजी मातृभाषिक मिळणे आपल्याकडे जवळजवळ अशक्य असल्याने इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मराठी माणसांवर काम भागवले जाते. ती माणसे हुशार असतात, आणि नेमकी तीच अडचण ठरते. मराठी वाक्य तिरपागडे असले तरी मूळ इंग्रजी काय असावे हे त्यांना आपसूक सुचते आणि ती मनातल्या मनात दुरुस्ती करूनच लिहितात. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने तर ही प्रश्नावली बहुधा कुठेतरी पाहिलेलीच असते. म्हणून दुसऱ्या फेरीत आम्ही उलट भाषांतरासाठी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या आणि मानसशास्त्राशी काहीही संबंध नसलेल्या एका शिक्षकांना बसवले. त्यांचे इंग्रजी साधे होते, पण जे ऐकले तेच ते लिहीत, आणि त्यामुळे पहिल्या फेरीत न दिसलेल्या दोन-तीन जागा उघड झाल्या.

सर्वांत वेळ घेतला तो पहिल्या आणि सातव्या प्रश्नाच्या जोडीने. पहिला प्रश्न गोष्टींमधला रस किंवा आनंद कमी होण्याबद्दल आहे, सातवा लक्ष एकाग्र न होण्याबद्दल, आणि नैराश्याच्या निदानात ही दोन वेगळी लक्षणे आहेत. पहिल्या मसुद्यात पहिला प्रश्न ‘कामे करण्यात रस किंवा आनंद कमी वाटणे’ असा होता. शेतात आणि घरात राबणाऱ्या माणसाला तो ऐकवला की उत्तर येई, “कामं तर करावीच लागतात. रस कसला त्यात?” आणि खूण पडे ‘अजिबात नाही’ या रकान्यात. हे ‘नाही’ कशाचे होते? रस अजिबात नाही, की असा त्रास अजिबात नाही? मुलाखत घेणाऱ्याने पहिला अर्थ धरला तर गुण ३, दुसरा धरला तर गुण ०. एकाच शब्दाने गुणांची दोन टोके गाठली जात होती. मूळ इंग्रजी छापील रकान्यांत हा घोटाळा फारसा होत नाही, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ‘तुम्हाला किती वेळा त्रास झाला’ हे शीर्षक सतत असते. वाचून दाखवताना ते शीर्षक तिसऱ्या प्रश्नापर्यंत हवेत विरलेले असते.

म्हणून समितीने बोलीतले वाक्य घेतले: ‘कशातच मन न लागणे’. सगळ्यांना ते आवडले, मलाही. पण सातव्या प्रश्नाचे मराठीही एव्हाना ‘वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही पाहताना मन न लागणे’ असे झाले होते, आणि मुलाखतीत सातव्या प्रश्नाला लोक म्हणू लागले, “हे तर मघाशीच विचारलंत.” त्यांचे बरोबरच होते. ‘मन लागत नाही’ या एका वाक्प्रचारात गोडी नसणे आणि लक्ष नसणे ही दोन्ही सामावतात, आणि आपल्याकडे माणूस बोलताना ती वेगळी करतच नाही. कोणत्याही उलट भाषांतराने हे सांगितले नसते, कारण उलट भाषांतर प्रश्न एकेक करून तपासते. इथे दोष कोणत्याही एका वाक्यात नव्हता, तो दोन वाक्यांच्या शेजारात होता.

शेवटी पहिल्या प्रश्नाला आम्ही कामापासून दूर नेले: ‘एरवी ज्या गोष्टींत तुमचा जीव रमतो, म्हणजे माणसांत बसणं, सणवार, भजन, नातवंडं, त्यांचीही गोडी वाटेनाशी होणे’. उदाहरणे घालावीत की नाही यावर बराच वाद झाला, कारण उदाहरण घातले की माणूस फक्त त्या उदाहरणाचे उत्तर देतो. भजनाला न जाणारा माणूस भजनाबद्दलच बोलतो. त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याने उदाहरणांतले समोरच्याला लागू पडेल तेच सांगावे, अशी सूचना प्रश्नाखाली लहान अक्षरांत छापली. सातव्या प्रश्नातून वर्तमानपत्र काढले आणि तिथे ‘एखादी गोष्ट करताना ध्यान न राहणे, म्हणजे हिशेब चुकणे, चुलीवर ठेवलेलं विसरणे, समोरचा काय बोलला ते पुन्हा विचारावं लागणे’ असे घातले. इथेही एका ज्येष्ठ सदस्याने योग्य शंका काढली की विसरणे आणि लक्ष न लागणे एक नव्हे, आणि सत्तरीच्या माणसात हा प्रश्न स्मृतिभ्रंश मोजू लागेल. त्यांच्या आग्रहाने वृद्धांच्या मुलाखतींत चुलीचे उदाहरण वगळले.

दिवस मोजण्याचा प्रश्न मला सुरुवातीला किरकोळ वाटला होता, तो निघाला सर्वांत चिवट. ‘अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज’ ही चार उत्तरे भाषेच्या दृष्टीने सोपी आहेत, तरी लोक त्यांत उत्तर देतच नसत. ते म्हणत, “लई होतं,” किंवा “असतं थोडंफार.” प्रश्न वारंवारतेचा होता, उत्तर तीव्रतेचे येत होते. ‘लई’ हे उत्तर दोनच दिवस आलेल्या पण असह्य झालेल्या त्रासाबद्दलही असू शकते, आणि ‘थोडंफार’ हे रोज सोसलेल्या दुखण्याबद्दल. शिवाय ‘निम्म्याहून जास्त’ हे चौदाचे गणित आहे, आणि ते मनात करत बसायला कोणालाही आवडत नाही.

दोन गोष्टींनी काम सुकर झाले. ‘गेले दोन आठवडे’ याऐवजी आम्ही गावाच्या आठवडी बाजाराला धरले: मागच्या नाही, त्याच्या मागच्या बाजारापासून आजपर्यंत. पंधरवडा हा शब्द सुचला होता, पण वृद्ध माणसे तो अमावस्या-पौर्णिमेशी जोडतात आणि मग गणना मागे-पुढे सरकते. दुसरे म्हणजे अमेरिकेतील एका मोठ्या सर्वेक्षणात हीच प्रश्नावली, आत्महत्येचा प्रश्न वगळून, थेट दिवसांच्या आकड्यांत विचारली गेली होती: ० ते १ दिवसाला ० गुण, २ ते ६ दिवसांना १, ७ ते ११ दिवसांना २ आणि १२ ते १४ दिवसांना ३. आम्ही चौदा गोल छापलेला एक कागद केला, त्यावर दोन्ही बाजारांचे दिवस रंगवले आणि माणसाला दिवसांवर बोट ठेवायला सांगितले. यात वेळ जास्त जातो, पण ‘लई’ला नेमका आकडा मिळतो.

बाकीच्या प्रश्नांबद्दल थोडक्यात सांगते. पाचव्या प्रश्नातली भूक श्रावणात आणि नवरात्रात उपवासांमुळे चुकीची मोजली जाते, त्यामुळे ‘जेवण कमी होणे’ काढून ‘अन्नावरची वासना उडणे’ घेतले. उपाशी राहणे आणि वासना उडणे यांतला फरक आमच्यापेक्षा लोकांनाच अधिक स्पष्ट होता. तिसऱ्या प्रश्नातली झोप शेतीपंपाला रात्री वीज येण्याच्या पाळीत प्रत्येक शेतकऱ्याची मोडते. कारण कोणतेही असो, लक्षण मोजावे हा मूळ प्रश्नावलीचा दंडक असल्याने आम्ही ‘विनाकारण’ हा शब्द घालण्याचा मोह आवरला आणि पाळीची फक्त शेजारी नोंद ठेवली. दुसऱ्या प्रश्नातली ‘आशा वाटत नाही’ ही शब्दयोजना एका आजींनी आशा ताईंविषयीची तक्रार समजून ऐकली आणि “नाही हो, ती वेळेवर येते” असे उत्तर दिले. त्या दिवसापासून तिथे ‘पुढे काही चांगलं होईल असं न वाटणे’ आहे.

चौथा प्रश्न, थकव्याचा, भाषेने सुटण्यासारखा नाहीच. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसते. त्यांना थकवा असतोच, आणि त्यांचे ३ गुण नैराश्याचे की हिमोग्लोबिनचे, हे कोणताही शब्द सांगू शकत नाही. भाषांतराच्या बैठकीत अशा प्रश्नावर घटकाभर घालवणे व्यर्थ आहे. तो प्रश्न प्रयोगशाळेकडे सोपवावा.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, आणि त्याचे दोन भाग आहेत: मेलेले बरे असे वाटणे, किंवा स्वतःला काही इजा करण्याचे विचार. ‘स्वतःला इजा करणे’ हे आमच्या मसुद्यातले शब्द उलट भाषांतरात निर्दोष ठरले होते. गावात एकाने त्यावर विळ्याने कापलेले बोट दाखवले. कामात लागते ती इजा, आणि हात स्वतःचाच असतो, असा त्यांचा सरळ अर्थ होता. मराठीत या गोष्टीसाठी वापरात असलेला शब्दप्रयोग ‘जिवाचं बरंवाईट करणे’ हा आहे. तो सौम्य आहे, कोणालाही दचकवत नाही, आणि त्याचा अर्थ कोणी चुकत नाही. मात्र उलट भाषांतरात तो ‘जिवाचे चांगले किंवा वाईट करणे’ असा काहीतरी होऊन परतला आणि तक्त्यात लाल शेरा घेऊन बसला. समितीतल्या एका परप्रांतीय सदस्यांना तो ठेवण्यासाठी पटवावे लागले.

पहिला भाग अधिक अवघड आहे. ‘यापेक्षा मेलेलं बरं’ हे वाक्य आपल्याकडे भांडी घासतानाही तोंडातून निघते, आणि ‘देवानं आता उचलावं’ हे ऐंशीच्या आजोबांचे म्हणणे नैराश्याचे नसून तृप्तीचेही असू शकते. प्रश्न इतका रोजच्या बोलीत आणला की तो सगळ्यांनाच लागू होतो, आणि पुस्तकी ठेवला की ज्याला लागू व्हायला हवा त्यालाही होत नाही. आम्ही ‘आपण मेलो तर बरं होईल असा विचार मनात येत राहणे’ असे ठरवले. त्यातल्या ‘येत राहणे’मुळे सहज तोंडातून निघणारी वाक्ये बऱ्याच अंशी वगळली गेली. हा तोडगा पूर्ण समाधानकारक नाही, कारण एकदाच पण ठाम आलेला विचार त्यातून निसटू शकतो, आणि म्हणून इथे शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले तरी मुलाखत घेणाऱ्याने पुढचे प्रश्न विचारायचे असे बंधन घातले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा प्रश्न कोणासमोर विचारला जातो. सासू चहा घेऊन आत-बाहेर करत असताना आलेले ‘नाही’ हे उत्तर नव्हे. चाचणीच्या पहिल्या दिवसापासून आम्ही जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून ठेवले होते आणि प्रत्येक मुलाखतकाराकडे १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक असे. भाषांतर तपासायचे म्हणून गेलेल्या माणसाला खरे उत्तर मिळू शकते, आणि तेव्हा तो नुसता भाषांतरकार राहू शकत नाही.

चाचणी मुलाखत कशी घ्यायची याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ‘समजलं का?’ हा प्रश्न आमच्या गटात वर्ज्य होता. दारात आलेल्या शिकलेल्या माणसाला ‘समजलं नाही’ असे सांगणे हा आपल्याकडे अगत्याचा भंग समजला जातो, त्यामुळे त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. त्याऐवजी आम्ही विचारत असू, “हाच प्रश्न तुम्हाला शेजारणीला विचारायचा असता तर कसा विचारला असता?” किंवा उत्तर मिळाल्यावर, “हे सांगताना तुम्हाला कुठला दिवस आठवला?” सहाव्या प्रश्नाचा सगळा उलगडा या दुसऱ्या प्रश्नातून झाला. ज्यांना ‘स्वतःबद्दल वाईट’ वाटले होते, त्यांना आठवलेले दिवस होते सोयरीक मोडल्याचा, बैल गेल्याचा, कोणी न विचारता निघून गेल्याचा. स्वतःच्या अपराधाचा दिवस जवळपास कोणाला आठवला नाही. म्हणून तो प्रश्न आता ‘आपण काही कामाचे नाही, किंवा आपल्यामुळे घरच्यांना खाली पाहावं लागलं, असं वाटणे’ असा आहे. यातही दोन गोष्टी एकत्र आहेत, आणि त्या वेगळ्या करायला हव्यात असे मला अजूनही वाटते. अमेरिकेतल्या होपी आदिवासींसाठी अशीच साधने तयार करताना स्पेरो मॅन्सन आणि सहकाऱ्यांना अपराध, लाज आणि पाप यांचे एकच असलेले प्रश्न वेगवेगळे करावे लागले होते. पण तसे केले तर प्रश्न दहा होतात आणि गुणांची तुलना मूळ प्रश्नावलीशी करता येत नाही. त्यामुळे आम्ही नऊच ठेवले.

या बदलांनी प्रत्यक्षात काय फरक पडतो ते दाखवण्यासाठी अनेक मुलाखतींतून जोडलेले एक उदाहरण घेते, ते कोणा एका व्यक्तीचे नाही. चाळिशीतली एक शेतकरी स्त्री. पहिल्या मसुद्यावर तिचे गुण असे: रस नसणे ०, कारण कामे ती करतेच; उदासी १; झोप २; थकवा ३; भूक १; स्वतःबद्दल वाईट वाटणे २; लक्ष ०, कारण ती वर्तमानपत्र वाचत नाही; हालचाल मंदावणे ०; मरणाचे विचार ०. बेरीज ९, म्हणजे दहाच्या आत, म्हणजे घरी जा. सुधारलेल्या मसुद्यावर तीच स्त्री सांगते की माहेरच्या माणसांतही जीव रमेनासा झाला आहे, २, पुढे चांगले काही दिसत नाही, २, झोप २, थकवा ३, भूक १ तसेच, आपण कामाचे नाही असे वाटते का, तर नाही, ०, ध्यान राहत नाही, १, हालचाल ०, मेलो तर बरे, असा विचार अधूनमधून येत राहतो, १. बेरीज १२.

तीन गुणांचा फरक लहान दिसतो, पण बेरजेपेक्षा आतली मांडणी पाहावी. तीव्र नैराश्याच्या निकषाप्रमाणे किमान पाच लक्षणे निम्म्याहून जास्त दिवस असावी लागतात, त्यांत पहिले किंवा दुसरे असलेच पाहिजे, आणि मरणाचा विचार थोडे दिवस आला असला तरी धरला जातो. पहिल्या मसुद्यात अशी लक्षणे तीनच भरतात आणि पहिली दोन त्यांत नाहीत. दुसऱ्यात पहिले, दुसरे, तिसरे, चौथे आणि नववे अशी बरोबर पाच भरतात. सहाव्या प्रश्नाचे गुण मात्र दोनावरून शून्यावर आले, आणि हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. मसुदा सुधारल्यावर सगळे गुण वाढतच गेले असते, तर आम्ही भाषांतर सुधारत नसून उंबरठा खाली आणत आहोत अशी शंका घ्यायला जागा होती.

एवढे झाल्यावरही ही प्रश्नावली ‘प्रमाणित’ झाली असे म्हणता येत नाही, जरी अनेक प्रबंधांत याच टप्प्यावर तसे लिहिलेले आढळते. लोकांना प्रश्न कळतो हे सिद्ध झाले, दहा गुणांचा अर्थ इथेही तोच आहे हे सिद्ध झालेले नाही. त्यासाठी तीच माणसे, गुण न सांगता, मनोविकारतज्ज्ञाने मुलाखत घेऊन तपासावी लागतात आणि मग कोणत्या आकड्यावर किती आजारी सुटतात आणि किती निरोगी उगाच पकडले जातात, हे मांडावे लागते. उद्देशानुसार आकडा बदलतो. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाच्या उपचाराची जी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात चौदाहून अधिक गुण असलेल्यांनाच घेतले होते, कारण तिथे सौम्य त्रास वगळून तीव्र त्रासाची माणसे हवी होती. आशा ताईंच्या चाळणीला ते चालणार नाही.

आमचा तो टप्पा अजून बाकी आहे. म्हणून सध्याच्या छापील पानावर ‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘तीव्र’ ही मूळ प्रश्नावलीतली वर्गवारी मुद्दाम ठेवलेली नाही. पानाच्या वर हा मसुदा कोणत्या तालुक्यांत तपासला आहे ते लिहिले आहे, कारण खानदेशात किंवा विदर्भात हीच वाक्ये पुन्हा विचारून पाहावी लागतील. खाली बेरजेसाठी एक चौकट आहे, आणि तिच्या शेजारी ठळक अक्षरांत सूचना आहे की नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्य नसेल तर बेरीज न करता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.